छत्तीस ग्रॅमचा हिशोब

१८ ग्रॅम दळलेली कॉफी, ३६ ग्रॅम पेय, २५ ते ३० सेकंद. एस्प्रेसोची रेसिपी विचारली की बहुतेक बरिस्ता हेच तीन आकडे सांगतात. घरी नवं यंत्र आणलेला माणूसही हेच पाठ करतो. पण पहिला कप इतका आंबट निघतो की डोळे मिटतात. मग तो कॉफी थोडी वाढवतो, दळण थोडं बारीक करतो आणि जरा जास्त वेळ बटण दाबून धरतो. दुसरा कप कडूजहर निघतो. तीनपैकी नेमकं काय चुकलं, हे कळायला आता कुठलाच मार्ग उरलेला नसतो.

खरं म्हणजे हे तीन आकडे एका जातीचे नाहीत. किती कॉफी घालायची आणि किती पेय काढायचं, हे आपल्या हातात असतं. वेळ आपल्या हातात नसते. कॉफीच्या थरातून पाणी किती सहज गेलं, ते घड्याळ फक्त आपल्याला सांगतं. वेळ हा निकाल आहे आणि तो बदलायची कळ ग्राइंडरवर आहे. एवढं लक्षात ठेवलं की नव्या बियांची घडी बसवणं, ज्याला बरिस्ता ‘डायल इन’ म्हणतात, बरंच सोपं होतं.

बास्केटमध्ये काय घडतं

एस्प्रेसोसाठी पाण्याला साधारण ९ बारचा दाब लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट. मिलानच्या आकिले गाज्जियाने १९४० च्या दशकात तरफेच्या यंत्राने असा मोठा दाब मिळवला आणि कपावर क्रेमाचा सोनेरी फेस दिसू लागला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्राने हे काम विजेच्या पंपावर सोपवलं. तेव्हापासून दाब यंत्राकडे आणि त्या दाबाला अडवण्याचं काम कॉफीकडे, अशी वाटणी झाली. अडवणारी गोष्ट म्हणजे पोर्टाफिल्टरच्या बास्केटमध्ये ठासलेला कॉफीचा थर. खडीतून पाणी धावतं आणि बारीक वाळूतून झिरपतं, तसंच इथेही होतं. दळण जाड असेल तर पाणी सुळकन जातं, बारीक असेल तर वाट काढत जातं. बारीक दळणाने आणखी एक गोष्ट होते. कणांचा उघडा पृष्ठभाग वाढतो, त्यामुळे पाणी कॉफीतून जास्त काही ओढून आणतं.

भाजलेल्या बीच्या वजनातला साधारण तीस टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, आणि तो सगळा काढायचा नसतो. विरघळणाऱ्या द्रव्यांचा वेग सारखा नसतो. आंबटपणा आणि खारटपणा देणारी द्रव्यं चटकन उतरतात, गोडवा सावकाश येतो आणि कडवट, तुरट द्रव्यं रेंगाळत शेवटी जास्त येतात. म्हणून कमी ओढलेली कॉफी आंबट, खारट आणि जिभेवर पोकळ लागते. जास्त ओढलेली कॉफी कडू लागते आणि गिळल्यावर कच्च्या सुपारीसारखी जीभ कोरडी करते. बीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग कपात आला तर चव सहसा जुळते, असा संकेत गेल्या शतकाच्या मध्यापासून रूढ आहे.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, पण हिशोब समजलेला बरा. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम पेय काढलं आणि त्यात दहा टक्के विरघळलेली कॉफी असली, तर कपात ३.६ ग्रॅम कॉफी आली. म्हणजे १८ ग्रॅमचे वीस टक्के. आता तेवढ्याच कॉफीतून ४५ ग्रॅम पेय काढलं आणि त्यात ८.४ टक्के कॉफी असली, तर कपात सुमारे ३.८ ग्रॅम आली, म्हणजे एकवीस टक्के. दुसरा कप पहिल्यापेक्षा पातळ आहे, तरीही त्यात कॉफी जास्त ओढली गेली आहे. दाटपणा आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कप आंबट लागला की ‘कॉफी जास्त स्ट्राँग झाली’ असं समजून लोक डोस कमी करतात, तेव्हा गल्लत याच दोन गोष्टींची झालेली असते.

आधी दोन आकडे बांधून टाका

पहिला आकडा डोसचा. तो चवीने नव्हे, बास्केटने ठरतो. १८ ग्रॅमच्या बास्केटमध्ये १७ ते १९ ग्रॅम कॉफी नीट बसते. त्याहून जास्त भरली तर फुगलेली कॉफी वरच्या जाळीला टेकते, कमी भरली तर थर पातळ आणि ओला, चिखलासारखा राहतो. एकदा १८ ठरवले की १८च. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा लागतो तो इथेच, कारण अर्ध्या ग्रॅमच्या फरकानेसुद्धा वेळ दोनतीन सेकंदांनी सरकू शकते. मग ती दळणामुळे सरकली की डोसमुळे, हे सांगता येत नाही.

दुसरा आकडा पेयाच्या वजनाचा, ज्याला यील्ड म्हणतात. कॉफीचं वजन आणि पेयाचं वजन यांचं प्रमाण म्हणजे ब्रू रेशो. मध्यम भाजणीच्या बियांसाठी एकास दोन ही सुरुवात चांगली, म्हणजे १८ ला ३६. हे मिलिलिटरमध्ये मोजत नाहीत, आणि त्याला कारण क्रेमा आहे. ताज्या बियांमध्ये भाजताना अडकलेला कार्बन डायॉक्साइड भरपूर असतो, त्यामुळे फेस उंच येतो. महिनाभर जुन्या बियांचा फेस जेमतेम दिसतो. कपातली पातळी सारखी दिसली तरी आतल्या पेयाचं वजन बरंच वेगळं असू शकतं. इटलीतल्या एस्प्रेसो संस्थेचं जुनं माप ७ ग्रॅम कॉफीला फेसासकट २५ मिलिलिटर आणि २५ सेकंद असं आहे. एकाच ठरलेल्या मिश्रणासाठी ते चालतं, दर महिन्याला बिया बदलणाऱ्यासाठी वजनच बरं.

कप काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि पंप सुरू करताना घड्याळही सुरू करायचं. काही जण पहिला थेंब पडल्यापासून वेळ मोजतात. दोन्ही पद्धती चालतात, मात्र एकच पाळावी लागते, कारण पहिला थेंब यायलाच पाचआठ सेकंद जातात. पंप बंद केल्यावरही एकदोन ग्रॅम ठिबकतात, म्हणून काट्यावर ३४ दिसले की थांबायचं, म्हणजे ३६ मिळतात.

इथे नवखे फसतात. अनेक जण वजन सोडून देतात आणि घड्याळ २८ वर आलं की शॉट थांबवतात. मग दळण एक घर बारीक केलं की पाणी हळू जातं आणि २८ सेकंदांत २८ ग्रॅमच पेय येतं. त्यांना वाटतं, आपण एकच गोष्ट बदलली. प्रत्यक्षात दळण बदललं, प्रमाण बदललं आणि दाटपणाही बदलला. डोस वाढवला तरी असाच गुंता होतो. थर जाड झाल्याने वेळ वाढते आणि पेयाचं वजन तेच ठेवल्याने प्रमाणही बदलतं. ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम पाळायचा तर शॉट घड्याळावर नव्हे, काट्यावर थांबवावा लागतो.

एक पुडा, पाच कप

आता एक नमुना घेऊ. चिकमगळूरच्या धुतलेल्या अरेबिका बिया आहेत, मध्यम भाजलेल्या, भाजून दहा दिवस झालेल्या. आठवड्याच्या आतल्या बिया टाळलेल्या बऱ्या, कारण त्यांतला वायू पाण्याची वाट अडवतो आणि वेळ दर दिवशी पळते. ग्राइंडरवर आकडे आहेत, आकडा लहान तितकं दळण बारीक. डोस १८, पेय ३६, तापमान यंत्राने ठरवलेलं ९३ अंश. दळण सोडून सगळं बांधलेलं.

पहिला कप १२ वर. ३६ ग्रॅम १७ सेकंदांतच आले. धार सुरुवातीपासून फिकट, चव लिंबासारखी झोंबणारी, त्यामागे खारटपणा आणि लगेच पाणचट शेवट. घड्याळ आणि जीभ एकच सांगताहेत, की पाणी पळालं. उपाय एकच, दळण बारीक.

दळण बदलल्यावर एक काम विसरायचं नाही. ग्राइंडरच्या पोटात आधीच्या मापाची थोडी पूड अडकलेली असते. तीनचार ग्रॅम दळून टाकून द्यायची आणि मगच पुढचा कप काढायचा. नाहीतर पुढच्या कपात जुनं आणि नवं दळण मिसळतं आणि आपण नसलेल्या मापाची चव तपासत बसतो.

दुसरा कप १० वर, २३ सेकंद. आंबटपणा आहे, पण आता त्याला फळासारखा गोडवा आहे. पोकळपणा गेला, तरी शेवट अजून तोकडा. तिसरा कप ९ वर, २८ सेकंद. धार सुरुवातीला गडद आणि दाट, उंदराच्या शेपटासारखी बारीक, मग हळूहळू सोनेरी. चवीत आधी संत्र्यासारखा आंबटपणा, मग गूळ आणि शेवटी कोकोचा सौम्य कडवटपणा.

कप चांगला असला तरी इथेच थांबणं योग्य नाही. सीमा कुठे आहे ते कळायला एक पाऊल पुढे टाकून बघावं लागतं. चौथा कप ८ वर, ३६ सेकंद. फळाचा गोडवा बुजला, कडवटपणा वर आला आणि गालांची आतली बाजू कोरडी पडली. म्हणजे या बियांची जागा ९ च्या आसपास आहे. ग्राइंडर ९ वर आणायचा, पूड झटकायची आणि आता दळणाला हात लावायचा नाही.

पाचव्या कपात प्रमाण बदलायचं. ९ वरच राहून ३६ ऐवजी ४० ग्रॅमवर थांबायचं. घड्याळ ३१ दाखवतं आणि ते बरोबरच आहे, कारण पेय जास्त तर वेळही जास्त. इथे वेळ वाढली म्हणून दळण जाड करायला जाणं ही चूक ठरेल. चव काय झाली? आंबटपणाची धार मऊ झाली, गोडवा मोकळा झाला, दाटपणा थोडा उतरला. काळी कॉफी पिणाऱ्याला हा कप आवडेल. त्याच दळणावर ३२ ग्रॅमवर थांबलं तर कप दाट आणि तीव्र होतो, आणि दुधात घातल्यावर तो हरवत नाही.

दळण आणि प्रमाण यांचं काम असं वाटून दिलं की निर्णय सोपे होतात. कॉफी कमी ओढली गेली की जास्त, हे आधी दळणाने ठरवायचं. त्यानंतर कप किती दाट आणि किती मोकळा हवा, हे प्रमाणाने ठरवायचं. हलकी भाजणी विरघळायला हट्टी असते, ती एकास अडीच किंवा एकास तीनपर्यंत न्यावी लागते. गडद भाजणीतून कडवटपणा लवकर सुटतो, ती एकास दीड ते एकास दोनमध्ये थांबवलेली बरी. तापमानाचा नंबर या दोघांनंतर येतो. हलक्या भाजणीला एकदोन अंश जास्त, गडद भाजणीला तेवढेच कमी. दळण आणि प्रमाण बसल्यावरच त्याला हात लावायचा.

आकडे बरोबर, चव चूक

कधीकधी ३६ ग्रॅम, २८ सेकंद अगदी नेमके येतात आणि कप मात्र एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही. नवखा माणूस इथे हताश होतो, कारण आंबट असेल तर बारीक आणि कडू असेल तर जाड, हा नियम इथे दोन्हीकडे ओढतो. असं लागलं की दळणाचा दोष नसतो, थराचा असतो. दाबाखालचं पाणी आळशी असतं. थरात कुठे भेग किंवा पोकळी असेल तर ते सगळं तिथूनच घुसतं. त्या वाटेवरची कॉफी जास्त धुतली जाते आणि उरलेली जवळपास कोरीच राहते. याला चॅनलिंग म्हणतात. कपातली चव म्हणजे या दोन अर्ध्यांची सरासरी असते.

ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर असेल तर धार मध्यभागी एकवटण्याऐवजी कडेला फिकट पट्टे दिसतात, कधी बारीक चिळकांडी उडते. शॉट संपल्यावर कॉफीच्या वड्याला एखादं छिद्र दिसतं. उपाय ग्राइंडरवर नसून हातात आहे. बास्केटमधली पूड बारीक सुयांनी ढवळून गुठळ्या मोडायच्या, वरून सपाट करायची आणि टॅम्पर सरळ, एकदाच दाबायचा. किती जोरात दाबलं यापेक्षा तिरकं दाबलं का, याने जास्त फरक पडतो.

म्हणून दळण बदलायच्या आधी एक परीक्षा घ्यावी. काहीही न बदलता दोन कप काढायचे. दोघांच्या वेळेत दोनतीन सेकंदांचा फरक असेल तर चालेल. सहासात सेकंदांचा असेल तर आपला हातच स्थिर नाही आणि अशा हाताने ग्राइंडर फिरवून काही कळणार नाही.

बारीक दळणालाही मर्यादा आहे. बारीक केलं की ओढ वाढते, पण एका टप्प्यापर्यंतच. त्यापुढे थर इतका घट्ट होतो की पाणी सगळीकडून जाण्याऐवजी वाटा फोडतं आणि ओढ उलट कमी होते. क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दाखवलं, आणि थोडं जाड दळण व कमी कॉफी घेतली तर कप जास्त सारखे येतात, असं सुचवलं. बारीक केल्यावर वेळ वाढली पण आंबटपणाही वाढला, तर हीच शक्यता धरून दोन घरं मागे यायचं.

स्वस्त घरगुती यंत्रांत दुहेरी तळाचं बास्केट येतं. त्याच्या तळाला एकच बारीक छिद्र असतं आणि दाब कॉफीऐवजी ते छिद्रच तयार करतं. फेस छान दिसतो, पण दळण बदललं तरी वेळ फारशी हलत नाही. अशा बास्केटवर वरची पद्धत चालवून उपयोग नाही. आधी एकेरी तळाचं बास्केट आणायचं. तयार पूड विकत घेणाऱ्यांच्या हातातही दळणाची कळ नसते. त्यांना पेयाचं वजन बदलून जमेल तेवढंच करता येतं.

घडी विस्कटते तेव्हा

बसलेली घडी कायम राहत नाही. पुडा उघडल्यावर बियांतला वायू रोज थोडाथोडा निघून जातो, पाण्याचा अडसर कमी होतो आणि २८ सेकंदांचा शॉट आठवड्याभरात २४ वर येतो. दळण अर्धं घर बारीक करायचं, बाकी सगळं तसंच. हवेतल्या दमटपणानेही वेळ सरकते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळा लागल्यावर कालचं माप आज चालेनासं होतं. कॅफे उघडण्याआधी बरिस्ता दोनतीन शॉट काढून चाखतात आणि टाकून देतात, ते यासाठीच. घरी तेवढी कॉफी वाया घालवायची गरज नसते. पहिल्या कपाची वेळ टिपली आणि ती कालच्यापेक्षा चार सेकंदांनी हलली असली, तर दुसऱ्या कपाआधी अर्धं घर फिरवलं की झालं.

वेळेचा आकडा चुकला पण चव उत्तम असली, तर कप बरोबर. २२ सेकंदांत गोड, भरलेली कॉफी मिळत असेल तर २८ गाठण्यासाठी ती बिघडवू नये. हलक्या भाजणीच्या कित्येक बिया जलद शॉटमध्येच फुलतात. घड्याळाचं काम कालच्या आणि आजच्या शॉटमध्ये काय बदललं ते दाखवण्याचं, कप चांगला की वाईट ते ठरवण्याचं नाही.

नवा पुडा आला की जुन्यातलं काय टिकतं? डोस टिकतो, कारण बास्केट तेच आहे. भाजणी तशीच असेल तर प्रमाणही टिकतं. दळण मात्र पुन्हा शोधावं लागतं, कारण बीचा कठीणपणा, भाजणी आणि ताजेपणा हे सगळं पुड्यापुड्यात बदलतं. म्हणून वहीत प्रत्येक पुड्यासाठी एक ओळ ठेवावी: बिया, भाजल्याची तारीख, दळणाचा आकडा, कॉफी, पेय, वेळ आणि चवीचे दोन शब्द. काही पुड्यांनंतर त्या ओळी वाचल्या की आपल्या ग्राइंडरवर मध्यम भाजणी कुठल्या आकड्याजवळ बसते ते दिसायला लागतं, आणि नव्या पुड्याचा पहिला कप थेट तिथूनच सुरू करता येतो.